गुरुवारी कॉम्प्रेसर का चालू राहतो? एका कोल्ड मेलची दुरुस्ती

कारखान्यांतली कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायची, तिथे टॅग लावायचा आणि दुरुस्त करून द्यायची, हे आमच्या कंपनीचं काम. विक्री विभागात रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला भोसरी आणि चाकणमधल्या मशीनिंग करणाऱ्या कारखान्यांना मेल पाठवायला सांगितलं. ओळखपाळख नसताना पाठवायचा मेल, म्हणजे कोल्ड मेल. तो मी वीस मिनिटांत इंग्रजीत लिहिला आणि त्याच संध्याकाळी 40 जणांना पाठवला. त्याचा मजकूर मराठीत असा होता:

> विषय: वीजबिलात 30 टक्के बचतीची हमी!
>
> नमस्कार सर/मॅडम,
>
> तुमच्या कारखान्यात 30 टक्के कॉम्प्रेस्ड एअर गळतीत वाया जाते आणि तुमच्या मेंटेनन्स टीमचं त्याकडे लक्ष नाही. आम्ही या क्षेत्रातली आघाडीची कंपनी आहोत. आमच्याकडे अल्ट्रासॉनिक उपकरणं आणि अनुभवी इंजिनिअर आहेत. आमच्या ऑडिटनंतर तुमचं बिल 30 टक्के कमी होईल.
>
> उद्या सकाळी 11 किंवा परवा दुपारी 3, यातली कोणती वेळ चालेल ते आजच कळवा.
>
> सोबत: माहितीपत्रक

मेल मेंटेनन्स हेडच्या नावाने होता आणि सीसीमध्ये मालक. माहितीपत्रक 8 एमबीचं. 40 पैकी 9 मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आले. उत्तर एकच आलं आणि तेही एका ओळीचं: ‘आमच्या टीमबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?’

आमच्या सर्व्हिस विभागात एक सर आहेत. इकडे येण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी मशीनिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला. म्हणजे असे मेल ज्याच्या इनबॉक्समध्ये येतात, त्याच खुर्चीत ते बसत होते. मी त्यांना मेल वाचून बघायची विनंती केली. त्यांनी तो लॅपटॉपवर वाचायला नकार दिला. ‘मेंटेनन्सवाला मेल शॉप फ्लोअरवर उभ्याउभ्या वाचतो. फोनवर पाठव,’ म्हणाले. फोनवर विषयाच्या ओळीतले पहिले पाच-सहा शब्द दिसले आणि त्याखाली पत्रातली सुरुवातीची अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीत नमस्कारानंतर ‘तुमच्या कारखान्यात 30 टक्के’ इतकंच होतं. मेल उघडून त्यांनी पूर्ण वाचला आणि मग म्हणाले, ‘असा मेल पाठवणाऱ्या माणसाला मी गेटच्या आत घेतलं नसतं.’

का, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. सुरुवात सीसीपासून झाली. मेंटेनन्स हेडला लिहिलेल्या पत्रात त्याच्याच टीमचं लक्ष नाही असं म्हणायचं आणि त्याची प्रत मालकाला द्यायची, म्हणजे त्याची तक्रार करण्यासारखंच. ‘मालकाने तो मेल मला फॉरवर्ड केला असता, वर नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकून. मग माझा दिवस गळती शोधण्यात गेला नसता. तू चुकीची आहेस हे दाखवण्यात गेला असता.’ आणि ते दाखवणं त्यांना अवघड गेलं नसतं, कारण त्यांच्या कारखान्यात किती गळती आहे हे मी मोजलेलंच नव्हतं.

माझी समजूत अशी होती की मेल फार रोखठोक झाला म्हणून बिघडला. म्हणून रात्री बसून दुसरा मसुदा केला. त्यात ‘आपल्या अमूल्य वेळेत व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व’ होतं, ‘आपल्यासारख्या नामांकित उद्योगाशी’ होतं, ‘जमल्यास, शक्य असल्यास’ होतं. तीनशेच्या वर शब्द झाले आणि कामाची गोष्ट चौथ्या परिच्छेदात आली. सरांनी दोन बोटांनी स्क्रीन वर सरकवत सरकवत ती ओळ शोधली आणि म्हणाले, ‘कालचा मेल बरा होता. निदान तुला काय विकायचंय ते कळत होतं.’ त्यांचं म्हणणं असं की बोलणं सरळच हवं. फक्त ते माणसाबद्दल नको, मशीनबद्दल हवं. ‘तुमचं लक्ष नाही’ हे माणसाबद्दल झालं. ‘सुट्टीच्या दिवशी तुमचा कॉम्प्रेसर लोड घेतो का’ हे मशीनबद्दल. दुसऱ्या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उलट मेंटेनन्सच्या माणसाला त्याचं उत्तर शोधावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 30 टक्क्यांवर. तो आकडा मी आमच्याच माहितीपत्रकातून उचलला होता. जुन्या, देखभाल नसलेल्या लाइनमध्ये इतकी गळती सापडते हे खरं आहे. पण माझ्या मेलमध्ये त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एक झाल्या होत्या, आणि ज्याने कॉम्प्रेसर चालवला आहे त्याच्या ते लगेच ध्यानात येतं.

एक म्हणजे, 30 टक्के हवा आणि 30 टक्के बिल यांचा थेट संबंध नाही. बिलात मशीन असतात, दिवे असतात, कूलंट पंप असतात, कुठे भट्टी असते. समजा एखाद्या कारखान्याच्या बिलात कॉम्प्रेसरचा वाटा 15 टक्के आहे. त्यातली 30 टक्के हवा वाया जात असेल, तर तो बिलाचा साडेचार टक्के भाग झाला. मी त्याला 30 म्हणत होते.

दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. ठरावीक वेगाने चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर दाब पुरेसा झाला की अनलोड होतो, म्हणजे हवा दाबणं थांबवतो. पण मोटर फिरतच राहते, आणि त्या अवस्थेतही पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खाते. गळती बंद केली की कॉम्प्रेसरचा लोडवरचा वेळ कमी होतो, पण तेवढाच अनलोडवरचा वेळ वाढतो. त्यामुळे वाचलेल्या हवेची सगळी वीज वाचत नाही, तिचा बराचसा भाग वाचतो.

तिसरी गोष्ट अशी की गळती शून्यावर कधीच येत नाही. चांगली देखभाल असलेल्या जागीही 10 टक्क्यांच्या आसपास राहते. आज पूर्ण बंद केली तरी पुढच्या महिन्यात कुठेतरी नवीन पुश फिटिंग सैल होतं.

सरांनी मग कागदावर 37 किलोवॉटचा एक कॉम्प्रेसर घेतला. वर्षाला 6000 तास चालतो, म्हणजे 300 दिवस रोज 20 तास. वीज हिशोबापुरती 9 रुपये युनिट धरली. माझ्या मेलच्या पद्धतीने 37 चे 30 टक्के 11.1 किलोवॉट होतात. ते 6000 तासांनी गुणले की 66,600 युनिट आणि पैशात सुमारे 6 लाख रुपये. मग त्यांनी त्यांचा हिशोब केला. गळती 30 वरून 10 वर आली, म्हणजे कमी झाली 20 टक्के. 37 चे 20 टक्के 7.4 किलोवॉट. त्यातली 30 टक्के वीज अनलोडवर जाणारच, म्हणून खरी बचत 5.18 किलोवॉट. 6000 तासांत सुमारे 31,000 युनिट, रुपये 2 लाख 80 हजार. माझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

‘हा आकडा लहान आहे, पण तो कुणी खोडू शकत नाही,’ सर म्हणाले. आणि त्याचा व्यवहारातला अर्थही त्यांनी सांगितला. 6 लाखांच्या हमीवर ऑर्डर मिळाली असती, तर सहा महिन्यांनी मीटर बघून मेंटेनन्स हेडने आम्हालाच बोलावून विचारलं असतं, आणि ते उत्तर द्यायला सर्व्हिसची माणसं गेली असती. मेल लिहिणारी व्यक्ती तोवर दुसरीकडे ऑर्डर मागत असते. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही, पण मला ते लागलं.

मग मेलमध्ये आकडा कोणता घालायचा? त्यांचं उत्तर होतं, कोणताच नको, मोजायची रीत घाल. गळती मोजायला आमच्या उपकरणाची गरज नसते. घड्याळ पुरतं. गळतीची जागा शोधायला उपकरण लागतं, कारण चालू शॉपच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही आणि अल्ट्रासॉनिक डिटेक्टरला ती पकडता येते. एकूण गळती किती, हे मात्र कॉम्प्रेसर स्वतःच सांगतो.

रीत अशी. सुट्टीच्या दिवशी, उत्पादन पूर्ण बंद असताना, एकच कॉम्प्रेसर चालू करायचा. हेडर म्हणजे हवेचा मुख्य पाइप, त्यापासून मशीनकडे जाणारे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे. दाब रोजचाच ठेवायचा. लाइन भरली की कॉम्प्रेसर अनलोड होतो. हवा कुणीच वापरत नसेल आणि गळतीही नसेल, तर तो तसाच राहायला हवा. पण गळतीमुळे दाब हळूहळू उतरतो आणि खालच्या मर्यादेला आला की कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो. लोडवर किती सेकंद आणि अनलोडवर किती सेकंद राहिला, हे चार-पाच फेऱ्या मोजून सरासरी काढायची. लोडचे सेकंद भागिले लोड आणि अनलोड मिळूनचे सेकंद, गुणिले 100. म्हणजे 90 आणि 210 आले तर गळती कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 30 टक्के. पॅनलवर लोड-अनलोड दाखवतात, आणि नाही दाखवलं तरी मोटरचा आवाज बदललेला कानाला कळतो.

ही रीत कुठे फसते, तेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. व्हीएफडी असलेला कॉम्प्रेसर लोड-अनलोड न होता वेग बदलतो, त्यामुळे सेकंद मोजून काही मिळत नाही. तिथे कॉम्प्रेसर बंद करून रिसीव्हरचा, म्हणजे हवेच्या टाकीचा, दाब किती वेळात किती उतरतो ते बघावं लागतं, आणि त्यासाठी रिसीव्हर आणि पाइपलाइन मिळून किती घनफळ आहे ते माहीत असावं लागतं. काही कॉम्प्रेसर बराच वेळ अनलोड राहिले की आपोआप थांबतात. तो थांबलेला वेळही अनलोडमध्येच धरायचा, नाहीतर गळती आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आणखी एक बारकावा: बऱ्याच व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची मशीनिंग सेंटर, बंद केल्या की त्यांचा आतला एअर व्हॉल्व्हही बंद होतो, त्यामुळे मशीनच्या आतली गळती या चाचणीत दिसत नाही. म्हणजे हा आकडा खरा असला तरी पूर्ण नाही.

हे सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, ‘सर, पण रीत सांगून टाकली तर ते स्वतःच करतील. आपल्याला का बोलावतील?’ ते म्हणाले, ‘ज्याची गळती 8 टक्के निघेल तो बोलावणार नाही, आणि त्याने बोलावू नयेच. ज्याची 30 निघेल, त्याच्याकडे शंभर जागा शोधत फिरायला माणूस नसतो.’ मोजणं अर्ध्या तासाचं काम आहे. शोधणं आणि दुरुस्ती काही दिवसांचं. आमचा धंदा दुसऱ्या भागात आहे.

मेलची मागणीही यातूनच बदलली. पहिल्या मेलमध्ये मी थेट भेटीची वेळ मागितली होती, तीही दोन पर्याय देऊन. अनोळखी माणसाला भेट देणं म्हणजे गेटपास, सेफ्टीची औपचारिकता आणि एक तास. इतकं पहिल्याच पत्रात मागायचं कारण नव्हतं. नव्या मेलमध्ये मागणी एवढीच राहिली: लोड-अनलोडचे दोन आकडे आणि कॉम्प्रेसरचे किलोवॉट कळवा.

पुढचा प्रश्न होता, हा मेल नेमका याच माणसाला का, हे पहिल्या ओळीत कसं दिसेल? जॉब वर्क करणाऱ्या बहुतेक कारखान्यांच्या वेबसाइटवर मशीनची यादी असते. किती सीएनसी, किती व्हीएमसी, कोणत्या साइजच्या, तपासणीला काय काय. ग्राहकांसाठी टाकलेली असते, पण त्यातून हवेचा वापर कळतो. व्हीएमसीला टूल अनक्लॅम्पिंगला आणि स्पिंडल पर्जला हवा लागते, न्यूमॅटिक फिक्श्चरला लागते, एअर गेजिंगला, म्हणजे हवेच्या मदतीने माप तपासायला, लागते. मी ज्या कारखान्याचा मेल आधी लिहायला घेतला, त्याच्या यादीत 14 व्हीएमसी आणि एअर गेजिंगची 3 स्टेशनं होती. एअर गेजिंग वाचून सर थांबले. ‘त्याचं नोझल मुद्दामच हवा सोडतं. सुट्टीत त्याचा कॉक चालू राहिला तर तू ती गळती म्हणून मोजशील आणि तो माणूस तुला हसेल.’ म्हणून मेलमध्ये तो कॉक बंद करायचं वाक्य आलं. संपूर्ण मेलमधलं माझ्या मते हेच वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी ठरलं. हवा कुठे लागते आणि कुठे गळते यातला फरक लिहिणाऱ्याला कळतो, हे त्यातून वाचणाऱ्याला दिसतं.

वार कोणता तेही तपासावं लागलं. भोसरीत साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, पण सरसकट नाही. काही कारखाने रविवारी बंद असतात, काहींची एक लाइन सातही दिवस चालते. रविवारी सुट्टी असलेल्या माणसाला ‘गुरुवारी मोजा’ लिहिलं, की हा मेल शंभर जणांना गेलाय हे उघड होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी रिसेप्शनला फोन करून सुट्टीचा वार आणि मेंटेनन्स हेडचं नाव विचारून घेतलं. एका फोनला दोन मिनिटं लागतात. त्याच फोनवर समोरचे कोणत्या भाषेत बोलतात तेही कळतं. जिथे मराठीत बोलणं झालं तिथे मेल मराठीत लिहिला, बाकीच्यांना इंग्रजीत.

शेवटी तयार झालेला मेल असा:

> विषय: गुरुवारी कॉम्प्रेसर लोड घेतो का?
>
> नमस्कार सर,
>
> तुमच्या वेबसाइटवरच्या मशीन यादीत 14 व्हीएमसी आणि एअर गेजिंगची 3 स्टेशनं आहेत, म्हणून हा प्रश्न तुम्हाला विचारते.
>
> गुरुवारी शॉप बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवून, एअर गेजिंगचे कॉक बंद आणि बाकी लाइन उघडी ठेवून, तो किती सेकंद लोडवर आणि किती सेकंद अनलोडवर राहतो हे पाच फेऱ्या मोजलं, तर लाइनची गळती कळते. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज. 60 आणि 240 आले तर 20 टक्के. 10 टक्के किंवा कमी आली तर आमची गरज नाही. कॉम्प्रेसर व्हीएफडीचा असेल तर ही पद्धत चालत नाही.
>
> आम्ही गळतीच्या जागा शोधून, टॅग लावून, दुरुस्त करून देतो. दोन आकडे आणि कॉम्प्रेसरचे किलोवॉट कळवलेत, तर वर्षाला किती युनिट वाचतील आणि आम्हाला बोलावणं परवडेल का, ते हिशोबासकट लिहून पाठवते.
>
> नको असेल तर ‘नको’ एवढंच लिहा. पुन्हा मेल येणार नाही.

खाली नाव, फोन आणि कंपनीचा पत्ता. सीसीमध्ये कुणी नाही. माहितीपत्रक जोडलेलं नाही. ‘आघाडीची कंपनी’, ‘अनुभवी इंजिनिअर’ ही वाक्यं सरांनी खोडली, कारण तीच वाक्यं प्रत्येक विक्रेता लिहितो आणि त्यावरून निवड करता येत नाही. उपकरणाचं नावही काढलं. आकडे मोठे निघाले की पुढच्या पत्रात ते आपोआप येणारच होतं.

पाठवण्याच्या यंत्रणेबद्दल थोडक्यात. पहिले 40 पत्ते मी एका जुन्या एक्सेल यादीतून घेतले होते आणि सगळ्यांना एकाच संध्याकाळी मेल पाठवले होते. 40 पैकी 9 परत येणं हे वाईट लक्षण आहे, कारण मेल सेवा अशा गोष्टींवरून पाठवणाऱ्या डोमेनची पत ठरवतात. आमच्याच डोमेनवरून ग्राहकांना सर्व्हिस रिपोर्ट आणि बिलं जातात. विक्रीच्या मेलमुळे डोमेन बदनाम झालं तर बिलंही स्पॅममध्ये पडू शकतात. म्हणून नंतर प्रत्येक मेल एकेकट्याला गेला, दिवसाला सहाच्या वर नाही, आणि पत्ता फोनवर खात्री करून घेतलेला. पाठवण्याआधी एक मेल माझ्या स्वतःच्या जीमेलवर पाठवला आणि त्यातलं `Show original` उघडून `SPF` आणि `DKIM` या पाठवणाऱ्या डोमेनची खात्री करणाऱ्या तपासण्यांसमोर `PASS` आहे का ते बघितलं. ते नसतं तर आधी आयटीवाल्याकडे जावं लागलं असतं, मजकूर कितीही चांगला असला तरी.

दिवस मंगळवार निवडला, वेळ दुपारी जेवणानंतरची. सकाळी मेंटेनन्सची माणसं ब्रेकडाउन आणि मीटिंगमध्ये असतात. सोमवारी लिहिलं तर गुरुवारपर्यंत विसरलं जातं, आणि बुधवारी ते सुट्टीच्या दिवशीच्या कामांची यादी आधीच करून बसलेले असतात. हा सरांच्या अनुभवाचा अंदाज आहे, नियम नाही. ज्यांची सुट्टी रविवारी, त्यांना शुक्रवारी पाठवला.

दोन दिवसांत एकूण 12 मेल गेले. एकही परत आला नाही. एकाने ‘नको’ लिहिलं, त्याला आभार मानून यादीतून काढलं. एकाने कळवलं की त्यांचे दोन्ही कॉम्प्रेसर व्हीएफडीचे आहेत. त्याला रिसीव्हरचा दाब उतरण्याची पद्धत लिहून पाठवली, आणि घनफळ काढताना पाइपलाइन धरायला विसरू नका असंही लिहिलं, कारण नुसता रिसीव्हर धरला तर गळती कमी दिसते. बाकीच्यांचं काही आलं नाही. 12 हा आकडा इतका लहान आहे की यावरून टक्केवारी काढून काही सिद्ध होत नाही.

ज्यांचं उत्तर नव्हतं त्यांना पुढच्या मंगळवारी त्याच मेलच्या खाली एक छोटा मेल गेला. ‘माझा मेल बघितलात का’ असं विचारायचं नाही, हे सरांनी आधीच बजावलं होतं. आठवण करून द्यायची तर सोबत काहीतरी नवीन द्यायचं. म्हणून त्यात एवढंच होतं की मोजायला वेळ नसेल तर साबणाचं पाणी घेऊन चार जागा बघा: क्विक कपलिंग, पीयू ट्यूबचं पुश फिटिंग, हवा गाळणाऱ्या एफआरएलचा बाउल आणि होजचा क्लॅम्प. रिसीव्हरचा ऑटो ड्रेन अडकून उघडा राहिलाय का तेही बघा, त्याला साबणही लागत नाही, जवळ हात नेला तरी कळतं. खालच्या ओळीत लिहिलं होतं की यानंतर मेल पाठवणार नाही. तिसरा मेल कुणालाही गेला नाही.

शुक्रवारी सकाळी 14 व्हीएमसीवाल्या कारखान्यातून उत्तर आलं. एकाच ओळीत: ‘लोड 70, अनलोड 190. 37 किलोवॉट. दोन शिफ्ट. पुढे?’

मी लगेच कोटेशन बनवायला घेतलं. सरांनी थांबवलं. त्याने हिशोब मागितला होता आणि आपण तो देऊ असं लिहिलं होतं, तेव्हा आधी हिशोब. 70 भागिले 260, म्हणजे 27 टक्के. गळती 10 वर आली तर 17 टक्के कमी. 37 चे 17 टक्के 6.3 किलोवॉट, अनलोडची वीज वजा जाता 4.4. दोन शिफ्ट म्हणजे वर्षाला साधारण 4800 तास धरले, 300 दिवस रोज 16 तास. युनिट झाले सुमारे 21,000. त्यांचा विजेचा दर आम्हाला माहीत नव्हता, म्हणून 9 रुपये धरला आहे असं स्पष्ट लिहून 1 लाख 90 हजार हा आकडा दिला, आणि तुमच्या बिलावरचा दर टाकून पुन्हा गुणा असं लिहिलं. आमच्या कामाचा खर्च गळतीच्या जागा किती निघतात त्यावर ठरतो, तो लाइन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, हेही त्यात होतं. सोबत एक प्रश्न विचारला: सुट्टीच्या दिवशी सगळा हेडर उघडा होता, की काही शेडचे व्हॉल्व्ह बंद होते? बंद असतील तर 27 हा आकडाही कमी धरलेला आहे.

तासाभराने उत्तर आलं. ‘शेड 2 बंद होतं. येत्या गुरुवारी 10 ला या, दोन्ही उघडून एकत्र मोजू. सेफ्टी शूज लागतील.’

सरांना फोन दाखवला. त्यांनी वाचलं, ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.